पहिली दुभती म्हैस घेताना: पिळून झालेली कास बघा

दापोली, राजापूर किंवा मालवणकडचा माणूस पहिली म्हैस घ्यायला बहुतेक वेळा घाट चढून कोल्हापूर-सांगलीकडे जातो. तिथल्या बाजारात शंभर म्हशी ओळीने उभ्या असतात आणि प्रत्येकीची कास तट्ट फुगलेली असते. नवखा माणूस नेमका तिथेच फसतो. बाजाराच्या आदल्या संध्याकाळची किंवा त्या सकाळची धार मुद्दाम चुकवलेली असते, रेडकाला लांब बांधलेलं असतं, आणि अठरा-वीस तासांचं दूध कासेत तुंबलेलं असतं. चार लिटरची म्हैसही मग आठ लिटरची दिसते.

म्हणून या लेखातल्या सगळ्या तपासण्या एकाच गोष्टीकडे जातात: म्हैस तुमच्यासमोर पूर्ण पिळून घ्यायची, रिकामी कास बघायची, आणि पुढची धार किती तासांनी किती पडते ते मोजायचं. दात, रेडकू आणि स्वभाव यांची तपासणी त्याआधी करायची. त्यातच बऱ्याच म्हशी गळतात आणि पिळून बघण्यासारख्या दोन-तीनच उरतात.

जाताना सोबत न्यायच्या वस्तू थोड्या आहेत. एक रिकामी बादली, हाताने धरायचा वजनकाटा, काळं सुती फडकं, चार लहान वाट्या, आणि अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम साधी कपडे धुण्याची पावडर विरघळवून भरलेली बाटली. या बाटलीचा उपयोग पुढे येईल. शक्य असेल तर धार काढता येणारा माणूस आपला न्यावा, आणि मुक्कामाची तयारी ठेवावी. एका दिवसात जाऊन म्हैस घेऊन परत यायचं ठरवलं की घाई तुमची आणि फायदा विकणाऱ्याचा.

आधी लांबून बघा

बाजारात शिरल्यावर लगेच कोणत्याही म्हशीला हात लावू नका. हेडी म्हणजे जनावरांचा दलाल जवळ आला की म्हैस कासऱ्याने आवळून धरली जाते, पाठीवर थाप पडते आणि तिचा खरा स्वभाव झाकला जातो. वीस-पंचवीस पावलांवर थांबून दहा मिनिटं नुसतं बघा. ती रवंथ करते आहे का? शेजारची म्हैस जवळ सरकली तर शिंग उगारते का? अनोळखी माणूस मागून गेला तर पाय झाडते का? गर्दीत शांतपणे रवंथ करणारी म्हैस तब्येतीनेही ठीक आणि स्वभावानेही ठीक असण्याची शक्यता जास्त.

पहिल्या जनावरासाठी कोकणातल्या घराला पंढरपुरी म्हैस सोयीची पडते. तलवारीसारखी लांब, खांद्यामागे गेलेली शिंगं ही तिची खूण. अंगाने ती मुऱ्हापेक्षा आटोपशीर, त्यामुळे तिला चारा कमी लागतो, आणि माणसांत वावरायची तिला सवय असते. कोल्हापुरात याच म्हशी रस्त्याकडेला, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर पिळून दूध विकायची जुनी रीत आहे. रोजचं सहा-सात लिटर दूध ही तिची चांगली सरासरी समजा. मुऱ्हा जास्त देते, पण त्यासाठी तिला हिरवा चारा आणि आंबोण भरपूर लागतं. नुसत्या भाताच्या पेंढ्यावर ती महिन्याभरात खाली येते.

लांब शिंगांचा एक तोटा मात्र आधीच लक्षात घ्या. तुमच्या गोठ्याचं दार आणि गव्हाणीतलं अंतर त्या शिंगांच्या मापाने मोजून मगच निघा.

आता मालकाला म्हैस दहा-पंधरा पावलं चालवायला सांगा. खूर टेकताना ती लचकत असेल तर सोडून द्या. देशावरच्या कोरड्या जमिनीवर चालून जाणारं दुखणं कोकणातल्या तीन हजार मिलिमीटर पावसात, ओल्या गोठ्यात, खूर सडण्यापर्यंत जातं. नंतर तिला बसू द्या किंवा बसलेली असतानाच मागून बघा. काही म्हशींचं मायांग बसल्यावर बाहेर येतं आणि उभी राहिली की आत जातं. बाजारात म्हणूनच अशी म्हैस बसू देत नाहीत. योनीच्या कडांवर टाक्यांचे जुने व्रण दिसले, किंवा शेपटीभोवती, कमरेभोवती दोरी बांधल्याचे वळ दिसले, तर कारण विचारत बसू नका. पुढच्या प्रत्येक वेताला हे दुखणं परत येऊ शकतं.

दात आणि वेत यांचा मेळ

गाई-म्हशींना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खाली आठ असतात, आणि वय तेच सांगतात. म्हशीच्या डाव्या बाजूला उभे राहा, एका हाताने नाक धरून तोंड थोडं वर करा आणि दुसऱ्या अंगठ्याने खालचा ओठ ओढा. बोटं समोरून दातांमध्ये घालू नका. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये बाजूला मोकळी जागा असते, तिथून घाला.

दुधाचे दात लहान, पांढरे आणि मुळाशी बारीक असतात. पक्के दात रुंद, फावड्यासारखे आणि जरा पिवळट. म्हशीला पहिले दोन पक्के दात साधारण अडीच ते तीन वर्षांत येतात, चार झाले की साडेतीनच्या आसपास, सहा झाले की साडेचारच्या, आणि पाच-सहा वर्षांत आठही दात येऊन तोंड जुळतं. पुढे नवा दात येत नाही, फक्त झीज होते. धार बोथट होते, वरचा माथा सपाट होतो, मग दातांमध्ये फटी पडतात. फटी पडलेलं तोंड म्हणजे म्हैस दहाच्या पुढे गेलेली समजा.

नुसतं वय कळून काम संपत नाही. मालक जे वेत सांगतो त्याच्याशी ते जुळलं पाहिजे. पंढरपुरी म्हैस पहिल्यांदा साधारण पावणेचार-चार वर्षांची झाली की विते, आणि दोन वेतांत चौदा-पंधरा महिने जातात. म्हणजे दुसऱ्या वेताची म्हैस पाचच्या आसपासची हवी: सहा दात पूर्ण, कडेचे दोन नुकतेच आलेले किंवा येत असलेले. ‘दुसरं वेत’ सांगितलं आणि आठही दात घासून सपाट झालेले दिसले, तर दोनच शक्यता आहेत. एक तर वेतं लपवली आहेत, किंवा म्हैस वर्षानुवर्षं गाभण राहत नव्हती. पहिल्या जनावरासाठी दोन्ही वाईट.

दुसरं किंवा तिसरं वेत घ्यावं, हा सल्ला पक्का धरा. पहिलारू म्हैस धारेला बुजते आणि तिला हाताळायला सरावलेला माणूस लागतो. चौथ्यापर्यंत दूध टिकतं किंवा वाढतं, पण चौथ्या वेताची घेतली तर तुमच्या दावणीला तिची कमी वर्षं मिळतात.

रेडकू बघा, ते खोटं बोलत नाही

म्हैस विऊन किती दिवस झाले याला दुधाच्या हिशोबात फार महत्त्व आहे. व्यायल्यापासून दूध वाढत जातं, सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास सगळ्यात जास्त होतं आणि मग हळूहळू उतरतं. पंधरा ते चाळीस दिवसांची व्यालेली म्हैस घेतली तर पुढचे आठ-नऊ महिने दूध तुमचं. सहा महिन्यांची व्यालेली आणि अजून गाभण नसलेली घेतली तर तीन-चार महिन्यांत ती भाकड होते आणि वर्षभर तुम्ही तिला नुसतं पोसता.

मालक ‘वीस दिवस’ म्हणाला तर ते रेडकावर तपासा. नाळेचा वाळलेला तुकडा लोंबत असेल तर ते साधारण पंधरवड्याच्या आतलं. नाळ पडून बेंबी भरली असेल आणि शेण पिवळट, चिकट असेल तर ते दुधावरचं, दोन-चार आठवड्यांचं. शेण हिरवट, घट्ट दिसतंय आणि रेडकू बाजूला पडलेला चारा चघळून रवंथ करतंय, म्हणजे महिना उलटून गेला. शिंगाचे कोंब बोटभर वर आले असतील तर वीस दिवसांची गोष्टच सोडा.

दुसऱ्याच म्हशीचं लहान रेडकू आणून बांधणं ही बाजारातली जुनी खोड आहे. रेडकू सोडायला लावा. आई त्याचं ढुंगण हुंगते, चाटते, आणि ते न अडखळता सडाला लागतं. परकं रेडकू असेल तर म्हैस मान वळवून शिंग लावते किंवा पाय उचलते, आणि रेडकूही आधी इकडेतिकडे बघत राहतं.

चार-पाच दिवसांपूर्वी व्यालेली म्हैस स्वस्त मिळाली तरी नको. तेव्हा सडातून चीक येतो, वार अडकल्याची आणि तापाची धास्ती असते, आणि पुढे दूध किती वाढेल ते कोणी सांगू शकत नाही. आता विणार आहे म्हणून विकली जाणारी गाभण म्हैसही नवख्याने टाळावी, कारण तिचं दूध मोजताच येत नाही. दुभती असूनही ‘गाभण आहे’ असं सांगितलं तर पशुवैद्यकाने हात घालून तपासल्याशिवाय त्या शब्दाला किंमत देऊ नका.

भरलेली कास आणि सड

आता कासेकडे या. मागून बघताना कास दोन्ही मांड्यांच्या मधे वर घट्ट चिकटलेली हवी आणि तिचा तळ मागच्या पायाच्या ढोपराच्या वर राहायला हवा. त्याखाली लोंबणारी कास चालताना मांड्यांवर आपटते आणि कोकणातल्या पावसाळी चिखलात रोज माखते. मग सडाच्या तोंडातून घाण आत जाते आणि दगडी, म्हणजे कास सुजण्याचा आजार, होते. पोटाखालून पुढे जाणारी दुधाची शीर जाड आणि नागमोडी असली तर चांगलंच, पण वय वाढलं की ती तशीही ठसठशीत होते. तिच्यावर एकटीवर भरवसा ठेवू नका.

चारही सड सारख्या लांबीचे, मुठीत बसतील असे आणि एकमेकांपासून समान अंतरावर हवेत. दूध तुंबवलेलं असेल तर सड बाहेरच्या बाजूला फाकलेले दिसतात, कातडी चकचकते, म्हैस मागचे पाय फाकवून अस्वस्थ उभी राहते, आणि कधी सडातून थेंब गळतात.

प्रत्येक सड अंगठा आणि दोन बोटांत धरून वरपासून खालपर्यंत हलके फिरवा. आत पेन्सिलीसारखी कडक दोरी किंवा मण्यासारखी गाठ लागली तर तो सड जुन्या दगडीत खराब झालेला आहे. नंतर तळहाताने कासेचे चारही भाग दाबा. एक भाग इतरांपेक्षा गरम, कडक किंवा उलट फारच लहान असेल, तर तिथे काहीतरी होऊन गेलंय. मागच्या दोन भागांत पुढच्यापेक्षा जास्त दूध असतं, त्यामुळे मागचा भाग मोठा दिसणं हे बरोबर. डावा-उजवा फरक मात्र दिसायला नको.

धार काढून बघा

इथे म्हशीच्या शरीराची एक गोष्ट कळायला हवी. गाईच्या कासेत सडावरच्या पोकळीत बरंच दूध आयतं साठतं. म्हशीच्या त्या पोकळीत अगदी थोडं असतं, बाकी सगळं वर ग्रंथींत. पान्हा सोडल्याशिवाय ते खाली येत नाही. म्हणून म्हशीची धार सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात आणि बुजलेली म्हैस चक्क दूध चोरते. स्वभावाची खरी परीक्षा इथेच होते.

रेडकू लावून किंवा पेंड पुढ्यात ठेवून पान्हा सोडते का बघा. मागचे पाय बांधल्याशिवाय धार देते का बघा. मालकाने काढल्यावर तुमच्या माणसाला बसू द्या. अनोळखी हात लागल्यावर एकदा पाय हलवला तर चालेल, पण दर वेळी लाथ येत असेल तर ती तुमच्या घरीही येणार. पान्हा सोडवायचं इंजेक्शन मात्र कोणत्याही परिस्थितीत देऊ देऊ नका. रेडकू नाही, पेंड नाही, आणि मिनिटभरात धो-धो पान्हा आला, तर मानेवर सुईची खूण शोधा. इंजेक्शनची सवय लागलेली म्हैस त्याशिवाय दूध सोडायला तयार होत नाही.

बादली भरायला लागण्याआधी प्रत्येक सडाच्या पहिल्या तीन-चार चिळकांड्या काळ्या फडक्यावर घ्या. दुधात गुठळ्या, पाणचटपणा किंवा रक्ताची झाक असेल तर फडक्यावर लगेच दिसते. मग चार वाट्यांत चार सडांचं दोन-दोन चमचे दूध घ्या, प्रत्येकीत तेवढंच बाटलीतलं पावडरचं पाणी टाका आणि वाटी गोल फिरवा. पाण्यासारखं पातळ राहिलं तर सड ठीक. अंड्याच्या पांढऱ्यासारखं चिकट, लोळागोळा झालं तर वरून न दिसणारी दगडी आत आहे. हे दूध फेकून द्या. नुकत्याच व्यालेल्या आणि आटत आलेल्या म्हशीत ही परीक्षा फसवू शकते, पंधरा ते चाळीस दिवसांच्या म्हशीत ती कामाची ठरते.

आता पूर्ण पिळून घ्या, आणि शेवटचा थेंब निघाल्यावर कासेला परत हात लावा. चांगली कास रिकाम्या पिशवीसारखी लुळी पडते, कातडीला घड्या येतात आणि ती मुठीत धरता येते. पिळूनही जवळजवळ तेवढीच फुगलेली राहिली तर ती मांसल कास आहे, दुधाची नाही. बाहेरून या दोन्ही कासा सारख्याच दिसतात, फरक फक्त पिळल्यावर कळतो.

हिशोब कसा करायचा ते एका उदाहरणावर बघू. समजा मालक सांगतो: दुसरं वेत, वीस दिवसांची व्यालेली, रोजचं दहा लिटर, किंमत सव्वा लाख. संध्याकाळी ५ वाजता तुमच्यासमोर पिळल्यावर आठ लिटर निघतं. मालक म्हणेल, ‘बघा, एका धारेलाच आठ!’ हा आकडा कागदावर लिहूच नका. ते दूध किती तासांचं आहे हे तुम्हाला माहीत नाही. त्या धारेचा उपयोग एकच, कास पूर्ण रिकामी झाली. रात्री म्हैस तुमच्या डोळ्यांसमोर किंवा मालकाच्या गोठ्यावर ठेवा आणि रेडकू सुटू देऊ नका. पहाटे ५ ला म्हणजे बारा तासांनी चार लिटर पडतं, त्या संध्याकाळी ५ ला साडेतीन. रोजचं खरं दूध साडेसात लिटर. दहा लिटरला सव्वा लाख म्हणजे लिटरला साडेबारा हजार झाले. त्याच दराने साडेसात लिटरची म्हैस ९३,७५० रुपयांची ठरते, आणि घासाघीस तिथून खाली सुरू होते.

फेसावर फसू नये म्हणून दूध मापाने न मोजता वजनाने मोजा. रिकाम्या बादलीचं वजन वजा करा. एक लिटर दूध एक किलोपेक्षा किंचित जास्त भरतं, म्हणून किलो म्हणजेच लिटर धरलं तरी तुमच्या हिशोबाला चालतं.

मुक्काम शक्यच नसेल तर सकाळी पोचल्याबरोबर पूर्ण पिळून घ्या, म्हशीजवळून हलू नका, आणि बरोबर आठ तासांनी परत पिळा. जे निघेल त्याची तिप्पट म्हणजे दिवसाचं दूध. अडीच लिटर निघालं तर साडेसात. बाजाराच्या गोंगाटात थोडं कमी पडतं, एवढी सूट मालकाला द्यायला हरकत नाही.

इसार, बिल्ला आणि घाट

सौदा रुमालाखाली बोटं धरून होवो की तोंडी, पैसे दोन टप्प्यांत द्या. पहिल्या धारेनंतर थोडा इसार, बाकी रक्कम शेवटची धार मोजल्यावर. कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक पावतीवर लिहून घ्या आणि तो स्वतः बिल्ल्याशी पडताळून बघा. लाळ्या-खुरकूत आणि घटसर्पाची लस कधी टोचली ते विचारा. सांसर्गिक गर्भपातासाठी रक्त तपासून घेता आलं तर घ्याच, कारण तो आजार माणसालाही होतो. गाडीत चढवण्याआधी पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला हातात हवा.

महिना निवडता येत असेल तर दिवाळीनंतर ते फाल्गुनापर्यंत म्हैस आणा, म्हणजे पावसाआधी तिला तुमच्या गोठ्याची आणि हवेची सवय होते. जूनमध्ये आणलेल्या म्हशीला एकाच वेळी चिखल, गोचीड, नवा चारा आणि नवा हात सोसावा लागतो. आंबा किंवा फोंडा घाट उतरताना गाडीच्या तळाला पेंढ्याचा जाड थर हवा, आणि रेडकू सोबत पण वेगळं बांधलेलं.

मालकाकडून त्याच्याच आंबोणाची एक गोणी विकत घ्या आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू आपल्या खाद्यावर आणा. साडेसात लिटरच्या म्हशीला दर दोन लिटर दुधामागे एक किलो या हिशोबाने पावणेचार किलो, वर तिच्या अंगासाठी दीड-दोन किलो, म्हणजे रोज साडेपाच किलोच्या आसपास आंबोण लागतं. सोबत वीस-पंचवीस किलो हिरवा चारा आणि पाच-सहा किलो पेंढा. हे जमणार नसेल तर साडेसातऐवजी पाच लिटरची म्हैस शोधा, ती किमतीतही उतरते.

घरी आल्यावर पहिले दोन-तीन दिवस साडेसातचं पाच होईल. पान्हा नवीन जागेत अडतो, एवढंच कारण असतं. एकाच माणसाने, त्याच वेळेला, रेडकू लावून धार काढत राहा. आठवड्यात दूध परत आलं नाही, तर पहिल्यांदा चार वाट्या आणि पावडरच्या पाण्याची बाटली काढा.